लग्न चर्चमध्ये, घटस्फोट कोर्टात

समजा, एका मराठी ख्रिस्ती जोडप्याचं लग्न २०२० साली नगरच्या चर्चमध्ये झालं आणि संसार पुण्यात थाटला. मार्च २०२४ मध्ये बायको जालन्याला माहेरी निघून गेली. आता दोघांनाही सामोपचाराने वेगळं व्हायचं आहे. त्यांच्या शेजारच्या हिंदू जोडप्याचा संसारही त्याच महिन्यात मोडला. हिंदू विवाह कायद्यानुसार एक वर्ष वेगळं राहिल्यावर परस्पर संमतीचा अर्ज करता येतो, म्हणजे शेजाऱ्यांना मार्च २०२५ मध्येच कोर्टाची पायरी चढता आली. ख्रिस्ती जोडप्याला मात्र १८६९ च्या घटस्फोट कायद्याने दोन वर्षं थांबवलं. अर्ज केल्यानंतरही किमान सहा महिने थांबून, अठरा महिन्यांच्या आत, दोघांनी पुन्हा कोर्टापुढे संमती कायम असल्याचं सांगायचं असतं. सहा महिन्यांची ही अट हिंदूंनाही आहे, पण योग्य प्रकरणात कोर्ट ती माफ करू शकतं, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये त्यांच्या कायद्याबाबत स्पष्ट केलं.

एका वर्षाचा हा फरक कशासाठी, याचं पटण्यासारखं उत्तर नाही. केरळ उच्च न्यायालयाने २०१० मध्ये नेमकं हेच म्हणत दोन वर्षांच्या जागी एक वर्ष वाचावं असा निकाल दिला. कर्नाटकानेही पुढे तोच मार्ग धरला. कायद्याच्या पुस्तकात मात्र आजही दोन वर्षंच छापलेली आहेत. त्यामुळे महाराष्ट्रात एका वर्षानंतर अर्ज करायचा असेल, तर हे निकाल पुढे ठेवून आधी वकिलाशी नीट बोलून घ्यावं.

परस्पर संमतीची सोय ख्रिस्ती कायद्यात आली तीच २००१ च्या दुरुस्तीने. त्याआधी नवऱ्याला केवळ व्यभिचाराच्या कारणावर घटस्फोट मागता येई. बायकोला तेवढंही पुरत नसे. व्यभिचाराच्या जोडीला क्रूरता किंवा परित्याग असंही काही सिद्ध करावं लागे. नवरा रोज मारहाण करतो, एवढ्याने तिची सुटका होत नव्हती. जिल्हा न्यायालयाने घटस्फोट दिला तरी उच्च न्यायालयाची मोहोर लागेपर्यंत तो पक्का होत नसे. मुंबई उच्च न्यायालयाने १९९७ मध्ये प्रगती वर्गीस खटल्यात या अन्यायावर बोट ठेवलं आणि चार वर्षांनी संसदेने कायदा बदलला.

आता एकतर्फी घटस्फोटासाठी क्रूरता, व्यभिचार, किमान दोन वर्षांचा परित्याग, धर्मांतर, दोन वर्षं टिकलेला बरा न होणारा मानसिक आजार, सात वर्षं ठावठिकाणा नसणं अशी कारणं नवरा-बायको दोघांनाही खुली आहेत. बरीचशी हिंदू कायद्यासारखीच. जोडीदाराने हेतुपुरस्सर शरीरसंबंध नाकारल्याने विवाह पूर्णत्वाला गेला नाही, हे ख्रिस्ती कायद्यातलं वेगळं कारण आहे. हिंदू कायद्यात ते स्वतंत्रपणे लिहिलेलं नाही. उलट, हिंदूंना लग्नानंतर वर्षभर सहसा घटस्फोटाचा अर्ज करता येत नाही. तशी सरसकट बंदी ख्रिस्ती कायद्यात नाही.

खरी अडचण होते ती कोर्ट निवडताना. ख्रिस्ती कायद्यानुसार लग्न जिथे लागलं, दोघं जिथे राहतात किंवा शेवटचे एकत्र जिथे राहिले, तिथलंच न्यायालय चालतं. कौटुंबिक न्यायालय असेल तर तिथे, नसेल तर जिल्हा न्यायालयात. आपल्या उदाहरणातल्या बायकोपुढे म्हणून नगर आणि पुणे एवढेच पर्याय उरतात. तीच हिंदू असती तर २००३ च्या दुरुस्तीमुळे जालन्यात, माहेरच्या गावी, अर्ज करू शकली असती. प्रकरण परस्पर संमतीचं नसून भांडणाचं असेल, तर लहान मूल कडेवर घेऊन प्रत्येक तारखेला जालन्याहून पुणं गाठणं म्हणजे काय, हे सांगायला नको. तिला खटला वर्ग करण्यासाठी उच्च न्यायालयात अर्ज करता येतो, पण तो आणखी एक खर्च. हिंदू बायकोला दिलेली ही सोय ख्रिस्ती बायकोलाही मिळायलाच हवी.

आणखी एका गैरसमजाने अनेकांचं नुकसान होतं. कॅथलिक चर्चचं धर्मन्यायालय विवाह रद्दबातल ठरवतं, ते कागद हातात आले की लोक मोकळे झालो असं समजतात. सर्वोच्च न्यायालयाने १९९६ च्या मॉली जोसेफ खटल्यात सांगितलं आहे की, अशा निर्णयाने कायद्याच्या नजरेत लग्न संपत नाही. त्या भरवशावर केलेलं दुसरं लग्न टिकत नाही. चर्चमध्ये पुन्हा लग्न लावण्यासाठी कॅथलिकांना तो निर्णय लागतो, पण दिवाणी घटस्फोट वेगळा घ्यावाच लागतो. गोव्यात पोर्तुगीज काळापासूनचा स्वतंत्र नागरी कायदा असल्याने तिथले नियम निराळे आहेत.

वेगळं राहायला लागल्याची तारीख सिद्ध करणारे कागद, म्हणजे भाडेकरार, मुलांच्या शाळेचा बदललेला पत्ता, एकमेकांना पाठवलेले संदेश, पहिल्या दिवसापासून जपून ठेवा. चर्चच्या नोंदवहीतला विवाहाचा दाखलाही आधीच काढून घ्या.