फेब्रुवारीच्या पगारातला जादा टीडीएस आणि पेरोलला लिहायचे पत्र

पगारावरचा टीडीएस हा वर्षभराच्या कराचा अंदाज बांधून दरमहा कापलेला हप्ता असतो. एप्रिलमध्ये कर्मचारी गुंतवणुकीची नुसती घोषणा करतो आणि तिच्या भरवशावर डिसेंबर-जानेवारीपर्यंत कपात चालते. मग पेरोल विभाग पुरावे मागतो आणि ठरल्या तारखेला पोर्टल बंद होते. ज्याचे पुरावे राहिले, त्याची घोषणा शून्य धरून सगळ्या वर्षाचा कर नव्याने मोजला जातो आणि फरक उरलेल्या पगारांतून वसूल होतो. कर्मचाऱ्याला हा अन्याय वाटतो, पण पुराव्याशिवाय सवलत देणे मालकालाही परवडणारे नसते. त्यामुळे पत्रात तक्रारीचा सूर नको, दुरुस्तीचा हवा.

२०२४-२५ या वर्षातले एक नमुन्याचे उदाहरण घेऊ. पुण्यातल्या कर्मचाऱ्याचा वार्षिक पगार १२ लाख असून त्याने जुनी करप्रणाली निवडली आहे. मूळ वेतन महिना ५०,०००, घरभाडे भत्ता २०,००० आणि प्रत्यक्ष भाडे २४,०००. पीएफ पगारातूनच कापला जात असल्याने त्याचा पुरावा लागत नाही. बाकी पीपीएफ ६०,०००, आयुर्विम्याचा हप्ता १८,००० आणि स्वतःच्या व वृद्ध आई-वडिलांच्या आरोग्यविम्याचे ४०,००० त्याने घोषित केले होते. भाड्यातून मूळ वेतनाचा दहावा हिस्सा वजा केल्यावर घरभाडे सवलत २,२८,००० बसते. एवढे धरले तर वर्षाचा कर ६०,७३६, म्हणजे महिना सुमारे ५,०६१. पुरावे पोचले नाहीत, तेव्हा तोच कर १,४०,५५६ झाला. जानेवारीपर्यंत कापलेले ५०,६१० वजा जाता उरलेली रक्कम दोन महिन्यांत विभागली गेली आणि फेब्रुवारीच्या पगारपत्रकात ४४,९७३ची कपात दिसली.

पत्राच्या डोक्यावर कर्मचारी क्रमांक, पॅन आणि आर्थिक वर्ष असावे. हजारो पगार पाहणारा माणूस नावावरून नोंद शोधत नाही. मजकूर थोडक्यात असा: “फेब्रुवारीच्या पगारातून ४४,९७३ रुपये टीडीएस कापला गेला आहे. घरभाडे, पीपीएफ आणि विम्याचे पुरावे मुदतीत सादर करायचे राहिले होते. ते फॉर्म १२बीबीसह जोडले आहेत. हे धरता वर्षाचा देय कर ६०,७३६ येतो. मार्चच्या कपातीत आयकर कायद्याच्या कलम १९२(३) प्रमाणे समायोजन करावे.” हे कलम वर्षभरात झालेली जादा किंवा कमी कपात पुढच्या पगारात जुळवून घेण्याची मुभा मालकाला देते. १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा आल्याने कलमांचे आणि फॉर्मचे क्रमांक बदलले आहेत. त्यानंतरच्या वर्षांसाठी पत्र लिहिताना ते तपासून घ्यावेत. चूक पेरोलचीच असेल, उदाहरणार्थ जुनी प्रणाली निवडूनही नव्या प्रणालीने कर कापला असेल, तर ती वेगळ्या परिच्छेदात मांडून एप्रिलच्या निवडीची पोचपावती जोडावी. दोन्ही गोष्टी एकत्र कालवल्या की उत्तर फक्त एकीचे येते.

अर्ज अडतो तो बहुधा जोडपत्रांवर. वार्षिक भाडे एक लाखाच्या वर असेल तर घरमालकाचा पॅन लागतो, आणि नेमका तोच देताना घरमालक टाळाटाळ करतो. विम्याची पॉलिसी जोडून भागत नाही, त्या वर्षी भरलेल्या हप्त्याची पावती लागते. आरोग्यविम्याचा हप्ता रोखीने भरला असेल तर सवलतच नाही. विमा कंपनीची पीडीएफ अनेकदा पासवर्डने बंद असते. ती उघडली नाही की पुरावा “अमान्य” म्हणून परत येतो.

पत्राचा खरा कस वेळेत आहे. फेब्रुवारीचा पगार पेरोलमध्ये बंद होण्याआधी पत्र पोचले असते, तर जादा कपात झालीच नसती. मार्चमध्ये पोचले तर त्या महिन्याची कपात शून्यावर येईल, पण फेब्रुवारीत गेलेला कर तोवर, ७ मार्चपर्यंत, सरकारजमा झालेला असतो. उदाहरणात तोपर्यंत ९५,५८३ कापले गेले, म्हणजे ३४,८४७ जास्त. ती रक्कम साधारणपणे विवरणपत्र भरून परताव्यानेच मिळते. तरी मार्चचे पत्र वाया जात नाही: पुरावे स्वीकारले गेले की फॉर्म १६मध्ये सवलती दिसतात आणि विवरणपत्राचा आकडा त्याच्याशी जुळतो.

मार्चचा पगार बंद झाल्यावर पेरोल सहसा हात वर करते. तेव्हाही घरभाडे, पीपीएफ आणि विम्याच्या सवलती विवरणपत्रात थेट मागता येतात. जुनी प्रणाली हवी असेल तर मात्र ते मुदतीतच भरावे लागते. प्रवास सवलतीचे तसे नाही. तिची बिले मालकाकडेच आणि वेळेत द्यावी लागतात. फॉर्म १६ जूनच्या मध्यापर्यंत हाती येतो. त्यातली कपात फॉर्म २६एएसशी ताडून पाहावी आणि तफावत दिसली तर त्याच पत्राचा हवाला देऊन मालकाकडून टीडीएस विवरण दुरुस्त करून घ्यावे.