आभाराची यादी आणि आभाराचं भाषण

महाविद्यालयातल्या चर्चासत्राला बचत गट गेला, की शेवटचं आभारप्रदर्शन कधी कधी आपल्यातल्या एखादीवर येतं. हातात कागद मिळतो आणि त्यावर चौदा नावं असतात. ती नुसती वाचली की चौदा वेळा "यांचे मी आभार मानते" म्हणावं लागतं. सहाव्या नावाला लोक चपला शोधू लागतात. त्यातून एखादं नाव राहिलं, तर तो माणूस दुखावतो तो वेगळाच.

आमच्या एका ताईंकडे धान्य साठवणीच्या चर्चासत्रात हे काम आलं. कागद आदल्या दिवशीच मिळाला होता. आम्ही प्रत्येक नावापुढे त्या माणसानं काय केलं ते लिहिलं. मग दिसलं, की नावं चौदा असली तरी कामं चारच आहेत: शिकवलं कोणी, बोलावलं कोणी, खर्च कोणी उचलला आणि दिवसभर राबलं कोण. एका कामाला एकदाच आभार, असं ठरवलं. वक्त्या, प्राचार्य आणि जेवण देणारे, एवढ्यांचीच नावं ठेवली. बाकीच्यांना त्यांच्या कामानं ओळखलं, म्हणजे कोणी सुटत नाही.

वक्त्यांसाठी जागा कोरी सोडली. ती ताईंनी भाषण ऐकता ऐकता भरली, कारण त्या काय बोलणार हे आदल्या दिवशी कसं कळणार? भाषण असं झालं:

"आज घरी गेल्यावर मी ज्वारीचा दाणा दाताखाली धरून बघणार आहे. कट्‌ वाजला, तरच ज्वारी कणगीत जाईल. ही परीक्षा मॅडमनी आज आमच्या मनात पक्की केली, त्यांचे मनापासून आभार. प्राचार्य सरांनी गावातल्या बायकांना पुढच्या रांगेत बसवलं, त्यांचे आणि महाविद्यालयाचे आभार. आजचं जेवण ज्यांनी दिलं, त्या दादांचे आभार. माईक लावणारे, सतरंज्या घालणारे, चहा देणारे विद्यार्थी आणि शिपाईमामा दिवसभर उभे होते, म्हणून आम्हांला बसून ऐकता आलं. त्यांचेही आभार. आता राष्ट्रगीतासाठी उभं राहू या."

मॅडम, सर आणि दादा म्हटलंय, तिथे ताईंनी पूर्ण नावं घेतली. एवढं बोलायला जेमतेम एक मिनिट लागतं.

बोलण्याआधी दोन गोष्टी संयोजकांना विचाराव्यात. नावाचा उच्चार आणि हुद्दा बरोबर आहे ना? आणि कोणाचं नाव घ्यायचं आधीच कबूल केलंय का? तसं असेल तर ते नाव गाळू नये, त्याच्या कामाच्या वाक्यात बसवावं. वक्त्यांचं अख्खं भाषण मात्र पुन्हा सांगत बसू नये. त्यातली एकच गोष्ट, आपण उद्या करणार आहोत ती, तेवढी सांगावी.