वजाबाकी टाळून काढलेला अवकलज

x³ या फलनाचा x = 5 पाशी अवकलज ७५ आहे, हे बारावीचा विद्यार्थी तोंडी सांगेल. हेच उत्तर संगणकाकडून आकडेमोडीने काढून घ्यायला गेलं, तर तो कधी ७५.०१५ सांगतो, कधी ८० आणि कधी चक्क शून्य. सूत्र बरोबर असतं, प्रोग्रॅमही बरोबर असतो. घात होतो तो मधल्या एका वजाबाकीत. ती वजाबाकीच काढून टाकणारी एक पद्धत १९६७ पासून उपलब्ध आहे, आणि ती समजायला अकरावीतल्या संमिश्र संख्या पुरेशा आहेत.

अवकलज म्हणजे x किंचित सरकवल्यावर f(x) किती वेगाने बदलतं ते. पुस्तकातली व्याख्या अशी: f(x+h) मधून f(x) वजा करा, h ने भागा आणि h शून्याकडे न्या. x³ साठी सूत्र हाताशी आहे, म्हणून हा खटाटोप लागत नाही. पण विमानाच्या पंखाचा आकार जरासा बदलला तर हवेचा रोध किती बदलेल, असा प्रश्न असेल तर f म्हणजे तासन्तास चालणारा प्रोग्रॅम असतो. त्याचं सूत्र कुणाकडे नसतं. मग h ला एखादी लहान किंमत देऊन भागायचं, एवढंच हातात उरतं.

ती किंमत किती लहान असावी? h = ०.००१ घेतलं तर आपल्या उदाहरणात उत्तर ७५.०१५ येतं, कारण h अजून पुरेसं लहान नाही. मग ते लहान करत जावं, असं कुणालाही वाटेल. इथे संगणकाची मर्यादा आड येते. नेहमीच्या गणितात तो प्रत्येक संख्येचे साधारण १५-१६ सार्थ अंक जपतो. म्हणजे त्याच्या संख्यारेषेवर सलग बिंदू नाहीत, पायऱ्या आहेत, आणि संख्या मोठी होईल तशी पायरीही मोठी होते. ५ च्या आसपास एक पायरी `2**-50` एवढी आहे, म्हणजे दोनचा उणे पन्नासावा घात. १२५ च्या आसपासची पायरी याच्या सोळापट आहे.

आता h बरोबर `2**-50` घेऊ. ५ मध्ये ते मिळवलं की आपण नेमके एक पायरी पुढे जातो, इथपर्यंत काही हरवलेलं नाही. घन मात्र १२५ पेक्षा ७५ लहान पायऱ्यांनी मोठा असायला हवा, आणि १२५ जवळ तर सोळा-सोळाच्याच उड्या आहेत. ६४ किंवा ८०, यांपैकी जवळचं ८०. संगणक ८० वर थांबतो, त्यातून १२५ वजा करतो, h ने भागतो आणि ८० हे उत्तर देतो. h आणखी लहान केलं, तर ५ + h हे ५ वरच परत बसतं आणि उत्तर शून्य येतं.

साखर कारखान्याच्या काट्यावर उसाने भरलेली ट्रॉली आधी लिंबासकट तोलायची, मग लिंबाशिवाय, आणि दोन वजनांच्या फरकातून लिंबाचं वजन काढायचं, असा हा प्रकार आहे. जवळजवळ सारख्या दोन मोठ्या संख्या एकमेकींतून गेल्या की पुढचे सगळे भरवशाचे अंक कटतात आणि उरतो तो मागचा गाळ. h मोठं घेतलं तर सूत्राची चूक, लहान घेतलं तर वजाबाकीची. दोन्हींचा मेळ साधारण `1e-8` पाशी बसतो, म्हणजे दशांशचिन्हानंतर सात शून्ये आणि मग १. तिथेही सोळापैकी सात-आठ अंकच पदरात पडतात.

जेम्स लिनेस आणि क्लीव्ह मोलर यांनी १९६७ साली या कोंडीतून वाट काढली. (हेच मोलर पुढे मॅटलॅबचे जनक म्हणून ओळखले गेले.) x वास्तव दिशेने सरकवायचंच नाही; काल्पनिक दिशेने सरकवायचं. ५ + h ऐवजी ५ + ih. याचा घन हाताने उलगडून पाहावा:

`(5 + ih)³ = 125 + 75ih − 15h² − ih³`

i असलेली पदं वेगळी काढली की `75h − h³` उरतं. h ने भागा: `75 − h²`. अवकलज समोर आला, आणि कशातूनही काही वजा करावं लागलं नाही. f(x) वास्तव भागात राहिलं, बदल काल्पनिक भागात गेला. संगणक हे दोन भाग दोन स्वतंत्र संख्या म्हणून साठवतो आणि प्रत्येकीला तिचे स्वतःचे १५-१६ अंक देतो. त्यामुळे `75h` कितीही चिमुकलं असलं तरी त्याला १२५ च्या पायऱ्यांवर बसावं लागत नाही.

उरली `h²` ची चूक. h हवं तेवढं लहान घ्यायला आता मोकळीक असल्याने तिची काळजी उरत नाही. h = `1e-30` असेल तर ती `1e-60` च्या घरात जाते, म्हणजे सोळा अंकांत तिचा मागमूसही नसतो. पायथॉनमध्ये हे सगळं एवढंच आहे:

```python
def f(x):
    return x*x*x

h = 2.0**-50
print((f(5 + h) - f(5)) / h)      # 80.0

h = 2.0**-100
print((f(5 + h) - f(5)) / h)      # 0.0
print(f(complex(5, h)).imag / h)  # 75.0
```

ही कल्पना बरीच वर्षं फारशी कुणी वापरली नाही. १९९८ साली विल्यम स्क्वायर आणि जॉर्ज ट्रॅप यांनी एका छोट्या लेखात तिचं हे साधं रूप मांडलं आणि मग विमानाच्या रचनेवर काम करणाऱ्या अभियंत्यांनी ती उचलली.

पद्धत अचूक आहे, पण प्रोग्रॅमने तिला साथ द्यायला हवी. फलन त्या जागी गुळगुळीत हवं आणि आतली प्रत्येक क्रिया काल्पनिक भाग इमानाने पुढे नेणारी हवी. सगळ्यात जास्त दगा देतं ते `abs`. संमिश्र संख्येचं `abs` म्हणजे तिची लांबी. ती वास्तव असते, म्हणून काल्पनिक भाग तिथेच पुसला जातो. पायथॉन कसलीही तक्रार न करता अवकलज शून्य सांगतो. तिथे वास्तव भागाचं चिन्ह पाहून संपूर्ण संख्येचं चिन्ह बदलणारं स्वतःचं फलन लिहावं लागतं. मॅटलॅबमध्ये `A'` लिहिलं की काल्पनिक भागाचं चिन्ह उलटतं, म्हणून `A.'` लिहायचं. पायरीपायरीने उत्तराकडे सरकणारा प्रोग्रॅम असेल, तर वास्तव भाग स्थिरावला म्हणून थांबू नये. काल्पनिक भाग मागून येत असतो.

दुसऱ्या अवकलजासाठी मात्र हा साधा मार्ग चालत नाही. तो वास्तव भागात `h²` बरोबर दडलेला असतो, आणि तिथून सोडवायला f(x) ची वजाबाकी पुन्हा करावी लागते. बदलणाऱ्या राशी हजारभर असतील तर प्रोग्रॅमही हजार वेळा चालवावा लागतो, तेही संमिश्र संख्यांच्या जास्तीच्या खर्चासह. अशा कामाला दुसऱ्या पद्धती परवडतात.

आपल्या प्रोग्रॅमवर हे वापरून पाहणाऱ्यांनी एक चाचणी न चुकता करावी. एकदा h = `1e-20` आणि एकदा `1e-40` घेऊन अवकलज काढावा. दोन्ही उत्तरं शेवटच्या एखाद-दोन अंकांपर्यंत जुळायला हवीत. जुळली नाहीत, किंवा अनपेक्षितपणे नेमकं शून्य आलं, तर आधी `abs` शोधावं.