एकाच घरातल्या दोन वृद्धा

छत्रपती संभाजीनगरच्या मध्यवर्ती बसस्थानकातून सुटणाऱ्या एसटीत सासू आणि सून शेजारी बसल्या आहेत अशी कल्पना करा. सून ६६ वर्षांची, शाळेतून निवृत्त झालेली. सासूबाई ८९ वर्षांच्या. वाहक दोघींची आधारकार्डे पाहतो. सुनेला अर्धे तिकीट देतो, सासूबाईंना विनामूल्य. पासष्टीनंतर निम्मे भाडे आणि पंचाहत्तरीनंतर मोफत प्रवास हा नियम राज्यात २०२२ च्या ऑगस्टपासून लागू आहे. एसटीने ज्येष्ठांमध्ये निदान एक रेषा ओढली आहे. ज्येष्ठ नागरिकांसंबंधीच्या २००७ च्या कायद्याने मात्र साठीच्या पुढच्या साऱ्यांना एकाच नावाखाली घेतले आहे. घरात औषधाचा डबा उघडतानाही आपण बहुधा तसेच करतो आणि तिथे हे एकच नाव महाग पडते.

वृद्धत्वाचा अभ्यास करणाऱ्या अमेरिकन विदुषी बर्निस न्यूगार्टन यांनी १९७४ मध्ये या एकसंध कल्पनेला छेद दिला. पंचावन्न ते पंचाहत्तर वयाची, बहुतांशी सुदृढ आणि कार्यक्षम माणसे त्यांनी पंचाहत्तरीपुढच्यांपासून वेगळी काढली. पुढे संशोधकांनी पंचाऐंशीच्या पुढचा तिसरा गट वेगळा मानला. आज साधारणपणे ६५ ते ७४, ७५ ते ८४ आणि ८५ च्या पुढे अशी विभागणी होते. आपल्याकडील पाहण्यांत साठी, सत्तरी आणि ऐंशीपुढे असे टप्पे धरतात. आपण त्यांना नववृद्ध, प्रवृद्ध आणि अतिवृद्ध म्हणू. खरे तर साठीशांत, अमृतमहोत्सव आणि सहस्रचंद्रदर्शन असे तीन वेगळे सोहळे करणाऱ्या समाजाला हे नवीन वाटू नये. पण त्याच समाजाने ‘साठी बुद्धी नाठी’ म्हणून सर्वांना एका दावणीलाही बांधले आहे.

आता आपल्या उदाहरणातील घराकडे वळू. सुनेला नागीण झाली होती. फोड गेले, पण बरगडीवरची आग राहिली, म्हणून डॉक्टरांनी गॅबापेंटिनच्या गोळ्या दिल्या. त्यांनी तिला चांगला आराम पडला. काही महिन्यांनी सासूबाईंच्या पायांत मुंग्या आणि जळजळ सुरू झाली. दुखणे सारखेच दिसत होते, आणि सासूबाईंचा क्रिएटिनिनचा अहवालही सुनेसारखाच १.० आला होता, म्हणजे छापील मर्यादेच्या आत. सुनेने मायेपोटी आपलीच गोळी, आपल्याच मात्रेत त्यांना सुरू केली.

चार दिवसांत सासूबाई दुपारभर झोपू लागल्या. बोलताना शब्द अडखळू लागला, न्हाणीघराकडे जाताना तोल जाऊ लागला. घरातल्यांनी एकमेकांना सांगितले, ‘आता वय झालं.’ या तीन शब्दांनी किती औषधांचे दुष्परिणाम झाकले जात असतील, कोण जाणे!

हे कसे घडले ते समजून घेण्यासारखे आहे. क्रिएटिनिन स्नायूंतून रक्तात येते आणि मूत्रपिंडे ते बाहेर टाकतात. अतिवृद्ध व्यक्तीचे स्नायू झिजलेले असल्यामुळे ते तयारच कमी होते. मूत्रपिंडे मंदावली असली तरी रक्तातला आकडा वाढलेला दिसत नाही. म्हणून औषधाची मात्रा ठरवताना डॉक्टर बरेचदा एक जुने गणित करतात. १४० मधून वय वजा करून उरलेल्या संख्येला किलोतील वजनाने गुणायचे. ७२ ला क्रिएटिनिनने गुणून जे येईल त्याने भागायचे. स्त्री असल्यास उत्तराला पुन्हा ०.८५ ने गुणायचे. सुनेचे वजन ६५ किलो. तिचे उत्तर येते सुमारे ५७. सासूबाईंचे वजन ४२ किलो. त्यांचे उत्तर येते सुमारे २५. रक्तातला आकडा एकच, पण औषध बाहेर टाकण्याची अंदाजे क्षमता निम्म्याहूनही कमी. गॅबापेंटिन जवळजवळ सर्वस्वी मूत्रपिंडांवाटेच बाहेर पडते. ते सासूबाईंच्या शरीरात साचत गेले.

प्रयोगशाळेच्या अहवालावर कधी कधी मूत्रपिंडाच्या कार्यक्षमतेचा वेगळा आकडाही छापलेला असतो. तो प्रमाणित शरीरमान गृहीत धरून काढलेला असल्यामुळे लहान चणीच्या, कृश व्यक्तीच्या बाबतीत प्रत्यक्षाहून चांगला दिसू शकतो. त्यामुळे डॉक्टरांना वजन सांगणे आवश्यक आहे, आणि तेही या महिन्यातले, पाच वर्षांपूर्वीचे नव्हे. दीर्घकाळ चालू असलेली अशी गोळी आपल्या मनाने एकदम बंद करणेही धोक्याचे असते; नव्याने आलेली गुंगी, गोंधळ किंवा तोल जाणे दिसताच गोळ्यांची यादी घेऊन डॉक्टरांकडे जावे.

जेवणातही हीच गफलत होते. सुनेला वजन उतरवायला सांगितले, म्हणून घरातले तूप, शेंगदाणे, दूध सर्वांचेच कमी झाले. पण ४२ किलोच्या सासूबाईंचे वर्षभरात दोन किलो वजन घटले, तर तो जवळजवळ पाच टक्क्यांचा ऱ्हास आहे. प्रयत्नाविना एवढे वजन उतरणे हे क्षीणतेचे एक मान्य लक्षण आहे. सुनेच्या बाबतीत जे यश, ते सासूबाईंच्या बाबतीत तपासणीचे कारण.

तरीही वयाचा आकडा सर्वस्व मानू नये. पंच्याऐंशीव्या वर्षी जिना चढणारे आणि अडुसष्टाव्या वर्षी खाटेला खिळलेले, दोघेही आपल्या पाहण्यात असतात. न्यूगार्टन यांनाही वर्षांपेक्षा प्रकृती आणि सामाजिक स्थिती अधिक महत्त्वाची वाटत होती. शिवाय मराठवाड्यात आकडाच खरा असेल याची खात्री नसते. सासूबाईंच्या आधारकार्डावर १ जानेवारी १९४४ आहे. पण पोलीस अ‍ॅक्शनच्या वेळी, म्हणजे सप्टेंबर १९४८ मध्ये, आपण बारा वर्षांच्या होतो, असे त्या सांगतात. म्हणजे कागदापेक्षा त्या आठ वर्षांनी मोठ्या आहेत. घरातील वृद्धांना रझाकारांचा काळ, बहात्तरचा दुष्काळ, थोरल्या मुलाचा जन्म विचारून पाहा. वय बरेचसे हाती लागते.

मग प्रकृती कशी जोखावी? एक साधी चाचणी घरी करता येते. न हलणारी, बिनहातांची खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा. हात छातीवर दुमडून, अर्ध्या मिनिटात किती वेळा पूर्ण उभे राहून पुन्हा बसता येते ते मोजा. कोणीतरी शेजारी उभे राहायलाच हवे. छातीत दुखत असेल किंवा चक्कर येत असेल तर ही चाचणी करू नये. पडण्याचा धोका ओळखण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या तक्त्यानुसार ६५ ते ६९ वयाच्या स्त्रीला ११ पेक्षा कमी वेळा उठता आले तर ते कमी समजतात. ८५ ते ८९ मध्ये ती मर्यादा ८ आहे. नऊ वेळा उठणाऱ्या सुनेने तपासून घ्यावे. नऊ वेळा उठणाऱ्या सासूबाईंचे पाय वयाच्या मानाने बरे आहेत.

आपल्या शहरात घाटी रुग्णालयात वृद्धांसाठी स्वतंत्र विभाग आहे. तिथे जा किंवा नेहमीच्या डॉक्टरांकडे, घरातील प्रत्येक ज्येष्ठासाठी वेगळा कागद करून न्या. त्यावर खरे वय, ताजे वजन, क्रिएटिनिनचा आकडा व तारीख, सर्व गोळ्या, आणि खुर्चीतून किती वेळा उठता आले ते लिहा. सासूबाईंच्या कागदावर सुनेकडून घेतलेली गोळीही न विसरता लिहा. संकोचाने नेमकी तीच राहून जाते.