उणे ९२ चा हिशेब

एका शेअरचे सहा दिवसांचे बंद भाव असे धरा: १००, ११२, १०४, ११५, १११, ११४. एका वेळी एकच शेअर हाती ठेवायचा, तो विकल्याशिवाय दुसरा घ्यायचा नाही आणि जास्तीत जास्त दोन सौदे करायचे. सौदा म्हणजे एक खरेदी आणि तिची विक्री. जास्तीत जास्त नफा किती होईल?

सॉफ्टवेअर कंपन्यांच्या मुलाखतीत हा प्रश्न बरेचदा विचारला जातो. तो ऐकून शेअरबाजारात श्रीमंत होण्याची वाट सापडली असे कुणी समजू नये. भाव सगळे आधीच समोर मांडलेले आहेत. होऊन गेलेल्या दिवसांत कमाल किती कमाई दडली होती एवढेच हे गणित सांगते, उद्याच्या भावाबद्दल ते अवाक्षर काढत नाही.

पहिल्यांदा कुणालाही सुचते ते असे: सगळ्यात मोठी चढण आधी पकडा. १०० ला घेऊन ११५ ला विकले की १५ रुपये. उरलेल्या दिवसांत १११ ला घेऊन ११४ ला विकले की आणखी ३. एकूण १८. पण १०० ला घेऊन ११२ ला विकले आणि १०४ ला पुन्हा घेऊन ११५ ला विकले, तर १२ अधिक ११ म्हणजे २३ मिळतात. पंधराच्या त्या मोठ्या चढणीच्या पोटात आठ रुपयांची घसरण लपली होती. चढण मधेच तोडली की ती घसरण टळते. एकदा मोठा घास घेतला की तो परत तोडता येत नाही, म्हणून हावरट पद्धत इथे फसते.

मग उपाय काय? रिचर्ड बेलमन यांनी १९५० च्या दशकात मांडलेली डायनॅमिक प्रोग्रॅमिंगची पद्धत: छोट्या प्रश्नांची उत्तरे लिहून ठेवायची आणि त्यांच्यावरून मोठ्याचे काढायचे. इथे एक तक्ता आखायचा. प्रत्येक स्तंभ म्हणजे एक दिवस, प्रत्येक ओळ म्हणजे परवानगी असलेले सौदे. घरात लिहायचे ते त्या दिवसापर्यंत, तेवढ्या सौद्यांत, झालेला कमाल नफा.

एखादे घर भरताना दोनच शक्यता असतात. आज काही विकले नाही, तर डावीकडच्या घरातला आकडा तसाच उतरवायचा. आज विकले, तर तो शेअर आधी कुठल्या तरी दिवशी घेतलेला असणार आणि त्या दिवसापर्यंतचा नफा एक सौदा कमी वापरून, म्हणजे वरच्या ओळीतून, आलेला असणार. खरेदीचा दिवस कोणता हे ठाऊक नसल्यामुळे मागचे सगळे दिवस तपासायचे.

एका सौद्याची ओळ येते ०, १२, १२, १५, १५, १५. आता दोन सौद्यांच्या ओळीत चौथ्या दिवसाचे घर भरू. आज भाव ११५. खरेदी पहिल्या दिवशी केली असेल, तर त्याआधीचा नफा ० आणि खर्च १००, म्हणजे उणे १००. दुसऱ्या दिवशी केली असेल, तर १२ वजा ११२, पुन्हा उणे १००. तिसऱ्या दिवशी केली असेल, तर १२ वजा १०४, म्हणजे उणे ९२. तिन्हींत ११५ मिळवले की १५, १५ आणि २३. घरात २३ लिहायचे.

सगळी गंमत इथे आहे. ११५ तिन्हींत सारखेच मिळवले, त्यामुळे तिघांत सरस कोण हे त्याने ठरतच नाही. पाचव्या दिवशी याच तीन आकड्यांशी पुन्हा झुंजायचे आणि त्यांत फक्त एक नवा भिडू येतो, चौथ्या दिवसाचा: १५ वजा ११५, म्हणजे उणे १००. मग जुन्या तिघांना पुन्हा का विचारायचे? त्यांतला सरस, उणे ९२, लक्षात ठेवला आणि नव्याशी ताडून पाहिला की काम झाले. हा आकडा उणे असला तरी त्याचा अर्थ साधा आहे: हाती एक शेअर असताना खिशाची जास्तीत जास्त चांगली स्थिती. आधी १२ कमावले, १०४ खर्चले, म्हणून उणे ९२. पुढच्या कोणत्याही दिवशी विकायचे झाले, तर त्या दिवसाचा भाव त्यात मिळवायचा.

```python
def profit(prices, k):
    n = len(prices)
    prev = [0] * n
    for _ in range(k):
        cur = [0] * n
        best = -prices[0]
        for d in range(1, n):
            cur[d] = max(cur[d-1], prices[d] + best)
            best = max(best, prev[d] - prices[d])
        prev = cur
    return prev[-1]
```

`best` हाच तो खिशाचा आकडा. `prev` म्हणजे वरची ओळ, `cur` म्हणजे आत्ता भरत असलेली. मागचे सगळे दिवस तपासणारे आतले तिसरे लूप गळून पडले आणि अख्ख्या तक्त्याऐवजी दोनच ओळी सांभाळाव्या लागल्या.

सहा दिवसांत याचे मोल कळत नाही. पण आपल्या बाजारातले नेहमीचे व्यवहार सव्वानऊ ते साडेतीन चालतात, म्हणजे ३७५ मिनिटे. वर्षाचे सुमारे २५० दिवस धरले, तर मिनिटाला एक याप्रमाणे ९३,७५० भाव होतात. दहा सौद्यांची मुभा असेल, तर जुन्या रीतीने सुमारे ४,४०० कोटी तुलना कराव्या लागतात. नव्या रीतीने घरे भरायची ती साधारण साडेनऊ लाख.

हा प्रोग्रॅम लिहिताना दोन चुका फार होतात आणि दोन्ही मुकाट्याने चुकीचे उत्तर देतात. पहिली, `best` ची सुरुवात शून्याने करणे. मग दुसऱ्याच दिवशी ११२ रुपये नफा दिसतो, कारण शेअर फुकटात आला! ही चूक पकडण्याची कसोटी सोपी आहे. रोजच्या सगळ्या चढणींची बेरीज, इथे १२ अधिक ११ अधिक ३ म्हणजे २६, ही नफ्याची कमाल मर्यादा. उत्तर तिच्यापुढे गेले की काहीतरी बिनसले आहे.

दुसरी चूक जास्त लबाड आहे. जागा वाचवायला म्हणून दोन ओळींऐवजी एकच ठेवली, की `best` वरच्या ओळीऐवजी आत्ताच भरलेल्या घरातून आकडा उचलतो. सौद्यांची मर्यादाच गळून पडते. आपल्या भावांवर असे केले, तर एका सौद्याचे उत्तर १५ ऐवजी २६ येते. वरची कसोटी इथे चालत नाही, कारण २६ मर्यादेच्या आतच आहे. त्यासाठी `k` ला १ देऊन उत्तर हाताने ताडून पाहावे.

सौद्यांची मुभा दिवसांच्या निम्मी किंवा त्याहून जास्त असेल, तर तक्त्याची गरजच उरत नाही. सहा दिवसांत तीनपेक्षा जास्त वेगळ्या चढणी बसूच शकत नाहीत. सगळ्या चढणी बेरजेत घ्या, २६ हे उत्तर.

मात्र हे दलाली आणि कर बाजूला ठेवले तरच. हिशेब ठळक दिसावा म्हणून दर सौद्यामागे ४ रुपये खर्च धरू, प्रत्यक्षात शंभराच्या शेअरवर तो एवढा नसतो. प्रोग्रॅममध्ये बदल एकाच ठिकाणी करायचा: `prices[d] + best` मधून विक्रीच्या वेळी ४ वजा करायचे. आता एका सौद्यात ११ उरतात, दोनांत १५. तिसरा सौदा ३ रुपये मिळवायला ४ खर्च करतो, म्हणजे तीन सौदे केलेच तर हाती १४. ‘जास्तीत जास्त तीन’ अशी मुभा असल्यामुळे तक्ता तिसरा सौदा घेत नाही आणि १५ वरच थांबतो. चढणींची बेरीज करणारा जवळचा रस्ता मात्र तिन्ही सौदे करून मोकळा होतो.