सात दिवसांची यात्रा : दिवसांचा हिशेब आणि किलोमीटरचा हिशेब

सांगलीहून निघून श्रवणबेळगोळ, धर्मस्थळ, वेणूर, मूडबिद्री व कार्कळ अशी दक्षिणेतील क्षेत्रांची यात्रा एका आठवड्यात सुखाने होते. या यात्रेचा खर्च काढताना बहुतेक कुटुंबे नकाशावरचे अंतर मोजतात, त्याला गाडीच्या दराने गुणतात आणि राहण्या-जेवणाची अंदाजी रक्कम त्यात मिळवतात. परतल्यावर मात्र आकडा बराच पुढे गेलेला असतो. तो कोठे फुगतो हे पाहण्यासाठी आजी-आजोबा, पती-पत्नी व दोन मुले अशा सहा जणांच्या कुटुंबाचा हिशेब मांडून पाहू. येथील दर उदाहरणादाखल धरलेले आहेत. वाचकांनी त्या जागी आपल्याला मिळालेले दर घालावेत. मांडणी तीच राहील.

गाडीचे भाडे

पहिल्या दिवशी दावणगेरे येथे मुक्काम, दुसऱ्या व तिसऱ्या दिवशी श्रवणबेळगोळ, चौथ्या दिवशी हासन व शिराडी घाटमार्गे धर्मस्थळ, पाचव्या दिवशी वेणूर पाहून मूडबिद्री, सहाव्या दिवशी कार्कळ करून किनाऱ्याच्या रस्त्याने कुमठा आणि सातव्या दिवशी अंकोला-हुबळीमार्गे घरी, असा क्रम धरू. स्थानिक फेऱ्यांसह गाडी सुमारे १५५० किलोमीटर धावेल. सात आसनी गाडीचा दर करासह किलोमीटरला १६ रुपये धरला, तर भाडे २४,८०० रुपये होईल असे वाटते.

प्रत्यक्षात बाहेरगावच्या भाड्याला बहुधा प्रतिदिनी किमान ३०० किलोमीटरची अट असते. काही ठिकाणी ती २५० असते. सात दिवसांचे किमान अंतर २१०० किलोमीटर होते. गाडी त्याहून कमी धावली तरी आकारणी २१०० किलोमीटरचीच होते, म्हणजे ३३,६०० रुपये. गाडी श्रवणबेळगोळला दिवसभर उभी राहिली, तरी त्या दिवसाचे ४,८०० रुपये द्यावेच लागतात. चालकाचा भत्ता रोज ५०० प्रमाणे ३,५०० आणि टोल व वाहनतळाचे २,५०० मिळवले की वाहनखर्च ३९,६०० रुपयांवर जातो.

यातून दोन गोष्टी निघतात. पहिली अशी, की ‘दिवस’ म्हणजे अनेकदा मध्यरात्र ते मध्यरात्र. शुक्रवारी रात्री दहाला निघून पुढच्या शुक्रवारी परतणाऱ्या कुटुंबाला आठ दिवसांचे भाडे पडते. ते दोन तास ५,३०० रुपयांचे ठरतात. तेच शनिवारी पहाटे निघाल्यास वाचतात. दुसरी अशी, की न धावलेल्या ५५० किलोमीटरचे पैसे आधीच दिलेले असतात. त्यामुळे हासनहून तासाभराच्या आत असलेल्या हळेबीडच्या जैन बसदी पाहून येण्यास भाड्यात काहीच वाढ होत नाही. बचत वाटा कापून होत नाही, दिवस कापून होते.

किलोमीटर गाडीच्या ठिकाण्यापासून मोजले जातात की घरापासून, आणि गाडीला सर्व राज्यांत चालणारा परवाना आहे की कर्नाटकाचा प्रवेशकर वेगळा पडेल, हे ठरवतानाच विचारून घ्यावे. निघताना व परतल्यावर मीटरचा आकडा चालकासमक्ष वहीत टिपावा. टोल गाडीमालकाच्या फास्टॅग खात्यातून जात असेल, तर त्याचा उतारा मागून घ्यावा.

निवास आणि भोजन

निवासाचा खर्च माणसांवर नव्हे, खोल्यांवर चालतो. सहा जणांना दोन खोल्या लागतात. क्षेत्रांवरील यात्री निवासात चार रात्री, खोलीमागे ८०० रुपये धरल्यास ६,४०० होतात. दावणगेरे व कुमठा येथील दोन रात्री हॉटेलमध्ये, खोलीमागे करासह २,२०० प्रमाणे ८,८००. एकूण १५,२०० रुपये.

भोजनात संख्येपेक्षा वेळ महत्त्वाची. सूर्यास्तापूर्वी जेवणाऱ्या कुटुंबाला वाटेत दुपारी चार-पाचच्या सुमारास, कंदमुळे वर्ज्य करून ताजा स्वयंपाक देणारे हॉटेल शोधावे लागते, आणि अशा अवेळी निवड कमी व दर चढा असतो. म्हणून प्रवासाच्या दिवसांसाठी घरून नेलेल्या दशम्या, चटणी व खाकरे केवळ सोयीचे नसून हिशेबाचेही आहेत; मात्र त्यांचे २,००० रुपये खर्चात धरावेत. हॉटेलातील पाच जेवणे माणशी २०० प्रमाणे ६,०००, क्षेत्रांवरील सात जेवणे शुल्क वा दान मिळून माणशी ८० प्रमाणे ३,३६० आणि न्याहारी व दूध-चहाचे २,९४०. एकूण १४,३०० रुपये.

ज्याला आकस्मिक म्हणतात ते

विंध्यगिरीला सुमारे साडेसहाशे पायऱ्या आहेत. आजी-आजोबांना डोली लागणार हे घरून निघतानाच ठाऊक असते. तरी पायथ्याशी पैसे देताना ते ‘अचानक’ वाटतात. अनवाणी चढायचे असल्याने तापलेल्या दगडासाठी मोजे लागतात. अभिषेक, दान, मार्गदर्शक, नातेवाइकांसाठी वस्तू हेही तसेच. हे आकस्मिक नव्हे, न विचारलेले खर्च आहेत. दोन डोल्यांचे ३,०००, अभिषेक व दानाचे ४,०००, किरकोळ १,००० आणि वस्तूंचे ३,००० असे ११,००० रुपये यादीतच लिहावेत.

येथवर एकूण ८०,१०० रुपये झाले. खऱ्या आकस्मिक खर्चासाठी त्यावर सरसकट दहा टक्के धरण्याची पद्धत आहे. पण या मार्गावर तेवढ्याने भागत नाही. पावसाळ्यात दरड कोसळून शिराडी घाट बंद होतो, चारमाडी घाटाने वळसा पडतो, किंवा कोणी आजारी पडते. अशा प्रत्येक प्रसंगी खर्च वाढतो तो मुख्यतः एक दिवस लांबल्यामुळे. म्हणून ‘एक जादा दिवस’ हेच तरतुदीचे माप असावे : गाडीचे ४,८००, चालकाचे ५००, दोन खोल्यांचे ४,४०० आणि जेवणाचे २,८२० मिळून १२,५२० रुपये. त्यात औषधोपचाराचे २,००० मिळवून १४,५२० होतात. दहा टक्क्यांनी केवळ ८,०१० आले असते. ही रक्कम वेगळ्या पाकिटात वा वेगळ्या खात्यात ठेवावी आणि दैनंदिन खर्चासाठी तिला हात लावू नये.

दरडोई आकड्याची फसगत

तरतूद सोडून ८०,१०० ला सहाने भागले की माणशी १३,३५० रुपये येतात. म्हणून आजी-आजोबा घरी राहिले तर २६,७०० रुपये वाचतील, असा समज होतो. तो खरा नाही. गाडी तीच राहते. खोल्याही बहुधा दोनच लागतात. वाचतात ते दोघांचे भोजन, घरच्या शिदोरीचा वाटा धरून सुमारे ४,८००, आणि डोल्यांचे ३,०००, म्हणजे आठ हजारांच्या आतच. यात्रेच्या खर्चाचा जवळजवळ अर्धा भाग गाडीचा आहे आणि तो किती जण बसले हे पाहत नाही.

घरातील वडीलधाऱ्यांना ‘खर्च फार होतो’ म्हणून मागे ठेवण्यापूर्वी ही वजाबाकी कागदावर करून पाहावी. मूडबिद्रीची हजार खांबांची बसदी आणि कार्कळचे बाहुबली त्यांनी पाहण्याची किंमत दोघांची मिळून तेवढीच आहे.