दोन तक्रारी, एकच जमीन

ठाण्यातल्या एका नव्या फ्लॅटचा हॉल डोळ्यांसमोर आणू. लांबी अठरा फूट, रुंदी बारा फूट. सगळीकडे फिकट राखाडी रंगाच्या मोठ्या व्हिट्रिफाइड टाइल बसवलेल्या. दुपारी तीनच्या सुमारास बाल्कनीच्या दारातून तिरपे ऊन आत आले, की दारालगतच्या चार टाइल पिवळसर दिसू लागतात. रात्री पांढऱ्या दिव्यात तोच फरक जेमतेम जाणवतो. घरमालकिणीने ठेकेदाराला फोन केला, तेव्हा उत्तर आले, ‘‘ताई, टाइलमध्ये एवढा फरक येतोच.’’ दोन दिवसांनी सोफा सरकवताना एका टाइलचा आवाज बदललेला तिला ऐकू आला. तिने नाण्याने ठोकून पाहिले. बाजूची टाइल ‘टणटण’ वाजत होती, ही मात्र मडक्यासारखी.

अशी घरे पुण्या-मुंबईत कितीतरी सापडतील. रंगाचा फरक आणि पोकळ आवाज या वरवर दोन वेगळ्या तक्रारी वाटतात. प्रत्यक्षात त्या एकमेकींत कशा अडकतात, हे तक्रार लिहिण्याआधीच कळलेले बरे.

आधी रंगाचे पाहू. व्हिट्रिफाइड टाइल साधारण बाराशे अंश सेल्सिअसला भाजतात. माती, रंग किंवा भट्टीचे तापमान थोडे जरी बदलले, तरी एकाच नावाच्या टाइलची छटा बदलते आणि कधी मापातही एखाद्या मिलिमीटरचा फरक पडतो. म्हणून प्रत्येक पेटीवर डिझाइनच्या नावाबरोबर बॅच आणि शेड क्रमांक छापलेला असतो. दुकानात ‘तीच टाइल’ मिळाली म्हणजे काम झाले असे नसते. क्रमांकही तोच असावा लागतो.

या हॉलमध्ये गडबड मोजणीत झाली. बोलीभाषेत ही टाइल ‘दोन बाय चार’ फुटांची. त्या हिशेबाने 216 चौरस फुटांना बरोबर 27 टाइल लागतात. पेटीत दोन टाइल येतात, म्हणून ठेकेदाराने 14 पेट्या आणल्या. पण टाइलचे खरे माप 600 बाय 1200 मिलिमीटर असते आणि दोन फूट म्हणजे जवळपास 610 मिलिमीटर. नऊ टाइल ओळीने लावल्या तरी अठरा फुटांच्या भिंतीशी सात सेंटिमीटरची पट्टी उरते. ती भरायला कापाकापी आली, दोन टाइल फुटल्या आणि शेवटी चार टाइल कमी पडल्या. पंधरा दिवसांनी आणखी दोन पेट्या आल्या. नाव तेच, शेड क्रमांक निराळा. मिस्त्रीने पेटी फोडली आणि टाइल लावून टाकल्या. दहा टक्के जादा माल सुरुवातीलाच घेतला असता, तर ही वेळच आली नसती.

‘फरक येतोच’ या बोलण्यात अर्धे सत्य आहे. काही डिझाइनमध्ये प्रत्येक टाइल मुद्दाम थोडी वेगळी छापतात. पण तो फरक सगळ्या जमिनीवर विखुरलेला दिसतो. दोन बॅच मिसळल्या की फरक एका ठरावीक रेषेपासून सुरू होतो. जपून ठेवलेले पेट्यांचे पुठ्ठे असतील, तर वाद तिथेच संपतो.

आता पोकळ आवाजाकडे वळू. व्हिट्रिफाइड टाइल पाणी जवळजवळ शोषत नाही, त्यामुळे साध्या सिमेंटच्या घोळाला ती नीट चिकटत नाही. तिला टाइलचा अॅडेसिव्ह लागतो. तो खाचांच्या थापीने सरळ रेघांत पसरायचा, टाइलच्या पाठीवरची पांढरी भुकटी पुसायची, तिथेही पातळ थर द्यायचा आणि मग टाइल दाबून बसवायची. मधूनच एखादी टाइल उचलून पाठ किती माखली आहे, हे पाहायचे. अमेरिकन मानकांनुसार घरातल्या कोरड्या जागी किमान 80 टक्के आणि बाथरूमसारख्या ओल्या जागी 95 टक्के पाठ चिकटलेली असावी लागते.

घाईच्या कामात मिस्त्री चार कोपऱ्यांत चार आणि मध्ये एक असे अॅडेसिव्हचे पाच गोळे ठेवतो आणि रबरी हातोडीने टाइल लेव्हलला आणतो. खालचा उंचसखलपणा गोळ्यांनीच झाकला जातो, आधी कोबा समतल करण्याचा एक दिवस वाचतो. गोळ्यांमधल्या जागेत हवा राहते. तिथे जड पातेले पडले किंवा कपाटाचा पाय टेकला, की टाइल तडकते. कोपरा पोकळ असेल तर धोका सर्वांत जास्त.

तरीही पोकळ आवाज म्हणजे प्रत्येक वेळी सुटलेली टाइल नव्हे. खालचा भराव पोकळ असला तरी तसाच आवाज येतो. मधोमध तळहाताएवढी जागा पोकळ वाजणारी टाइल वर्षानुवर्षे टिकू शकते. म्हणून आवाजाचा नकाशा काढावा लागतो. या घरमालकिणीने चौकटीच्या कागदावर हॉल रेखाटला, प्रत्येक टाइलला क्रमांक दिला आणि चार कोपरे व मध्य असे पाच ठिकाणी नाण्याने ठोकले. सात टाइल सापडल्या. त्यांतल्या पाचांचे दोन किंवा अधिक कोपरे पोकळ होते, दोघींचा फक्त मध्य.

इथे दोन्ही तक्रारी एकत्र येतात. घट्ट बसलेली टाइल अखंड निघत नाही, ती फोडूनच काढावी लागते. मग वेगळ्या छटेच्या चार आणि पोकळ कोपऱ्यांच्या पाच मिळून नऊ टाइल बदलायच्या तर पहिल्या बॅचच्या नऊ टाइल हव्यात. घरात एकही शिल्लक नाही. ‘पोकळ टाइल बदलून द्या’ एवढेच लिहिले असते, तर ठेकेदाराने बाजारातून मिळेल ती बॅच आणून आणखी पाच ठिपके उमटवले असते.

म्हणून तिने पत्रात मागणी पायऱ्यांनी मांडली. पहिल्या शेड क्रमांकाच्या नऊ टाइल पंधरा दिवसांत मिळवून बदलाव्यात. न मिळाल्यास संपूर्ण हॉल एकाच बॅचमध्ये, पूर्ण अॅडेसिव्हवर, मालासह स्वखर्चाने पुन्हा करावा. मध्य पोकळ असलेल्या दोन टाइलमध्ये सांध्यातून इपॉक्सी भरावे. एक पोकळ टाइल दोघांसमोर काढून पाठीचा फोटो घ्यावा. सोबत नकाशा, दोन्ही पेट्यांच्या लेबलांचे फोटो आणि बिले जोडली. पत्र ईमेलने आणि रजिस्टर्ड पोस्टाने गेले.

ठेकेदाराने दाद दिली नाही, तर ग्राहक संरक्षण कायदा, 2019 नुसार सेवेतील त्रुटीची तक्रार जिल्हा आयोगाकडे दोन वर्षांच्या आत करता येते. त्याआधी 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करता येते. टाइल बिल्डरने लावलेल्या असतील तर रस्ता वेगळा. रेरा कायद्याच्या कलम 14 नुसार ताब्यापासून पाच वर्षांत दाखवलेला कामाचा दोष बिल्डरने 30 दिवसांत विनामूल्य दुरुस्त करायचा असतो. स्वतः नेमलेल्या ठेकेदाराला हे कलम लागू होत नाही.

आठव्या दिवशी ठेकेदार मिस्त्रीला घेऊन आला. दारालगतची अकरा क्रमांकाची टाइल छिन्नीने फोडली. तुकडे उलटे ठेवले, तेव्हा पाठीवर वाळलेले पाच गोल ठसे दिसले, मधली जाळी जशीच्या तशी कोरी आणि तिच्यावर कारखान्यातली पांढरी भुकटी. ठेकेदाराने बोटाने ती पुसून पाहिली आणि म्हणाला, ‘‘ताई, जुनी बॅच शोधतो. नाही मिळाली तर हॉल उखडू.’’ तिने ते वाक्य तिथेच कागदावर तारखेसह लिहून घेतले आणि खाली त्याची सही घेतली.